दुसरबीडचे मानपत्र

१४ एप्रिल १९६३, रविवार
आज सरपंच पंजाबराव स्वतः घरी आले. त्यांचे वडील उकंडराव आणि आई झुंबरबाई यांच्या लग्नाला येत्या वैशाखात पंचावन्न वर्षे होतात. अकोल्याला कोणा वकिलाचा असा समारंभ पाहून आल्यापासून त्यांना चैन नाही. म्हणाले, "मास्तर, आपल्या म्हाताऱ्याचाबी सत्कार करू. मानपत्र तुमीच लेहा. पन ते नेहमीचं नको. शतायुषी व्हा न् नांदा सौख्यभरे, हे आयकून आयकून कान किटले."
योग्य माणसाकडे आले. दुसरबीडला सात वर्षे झाली, पण माझ्या लेखणीला पात्र असे काम आजच आले.
समारंभाला पंचायत समितीचे सभापती येणार. माझा बुलढाण्याला बदलीचा अर्ज त्यांच्यामार्फत जायचा आहे. पंजाबराव शब्द टाकतो म्हणाले. म्हणजे बुलढाणा पक्के.
संकल्प : रोज पहाटे पाचला उठून एक परिच्छेद.

१५ एप्रिल
सात वाजता उठलो. रात्री विचारात झोप उशिरा लागली.

१७ एप्रिल
पद्धतशीर सुरुवात. आधी वर्ज्य वाक्यांची यादी केली. लक्ष्मीनारायणाचा जोडा. दुधात साखर. संसाररथाची दोन चाके. अखंड सौभाग्यवती भव. उदंड आयुष्य लाभो. एकूण एकतीस. यातले एकही वापरणार नाही. यादी भिंतीवर लावली.
पत्नी स्नेहलतेने वाचली आणि म्हणाली, यातली निम्मी वाक्ये नव्या नवरानवरीची आहेत, पंचावन्न वर्षे नांदून झालेल्यांना "नांदा" काय म्हणायचे? मी म्हटले, तेच तर! बायकांना उशिरा का होईना, कळते.
नंतर ती झुंबरबाईंबद्दल काहीतरी सांगत होती. मी तंद्रीत होतो.

२१ एप्रिल, रविवार
प्रत्यक्ष मुलाखत. सरपंचांच्या ओसरीवर उकंडराव खाटेवर बसलेले, वय सत्तर, दात दोन. झुंबरबाई आत, दाराआड. वही उघडून मी विचारले, आपल्या सहजीवनाचे सार काय? म्हणाले, "सार काय असते बे? सोळा एकर जमीन हाये, हीर हाये." मग विहिरीला पाणी कसे लागले ते दीड तास सांगितले. सगळे लिहून घेतले.
एक गोष्ट फार हृद्य वाटली. चहा हवा होता तेव्हा उकंडराव पत्नीला थेट न सांगता पंजाबरावांना म्हणाले, "तिले सांग, मास्तरले चहा ठेव." आतून झुंबरबाई म्हणाल्या, "त्याईले सांग, ठेवला." मधे चार हातांचे अंतर नाही! केवढी ही जुन्या पिढीची मर्यादा! टिपून ठेवले.
झुंबरबाईंशी बोलायची गरज वाटली नाही. पतीचे कळले की पत्नीचे आलेच.

२४ एप्रिल
लेखन जोरात. "शतायुषी व्हा" वर्ज्य, म्हणून "शतसंवत्सरपर्यंत आपली आयुर्वल्ली बहरो". "दोन चाके" वर्ज्य, म्हणून "गृहस्थाश्रमरूपी शकटाची चक्रद्वयी". प्रत्येक जुन्या वाक्याला नवा देह दिला. एकतीसपैकी सव्वीस झाली.
स्नेहलतेला वाचून दाखवले. म्हणाली, ही तीच वाक्ये आहेत, फक्त शालू नेसवला आहे. तिचे माहेर चिखलीचे, तिथे वाङ्मयाचे वातावरण नाही.

२८ एप्रिल, रविवार
स्नेहलता दुपारपासून सरपंचांकडे. कुरडया घालायला मदत, असे निमित्त. चार तासांनी आली. विचारले, काय बोलणे झाले? म्हणाली, झुंबरबाईंना तुमची यादी सांगितली. "अखंड सौभाग्यवती" ऐकून त्या म्हणाल्या, "म्हंजे मी आंधी मरू का वं? असा आशीर्वाद देते काय कोनी सनावाराले?"
मी ते वर्ज्य केलेच आहे. माझ्या मानपत्रात "अविच्छिन्न सौमंगल्य" आहे.
स्नेहलता उपदेश करू लागली. म्हणे, इतकी वर्षे संसार केलेल्यांना काही लिहायचे तर पुढच्यासाठी मागू नये, मागचे पाहिलेले सांगावे. दोघांना वेगवेगळे विचारावे. रोज काय करतात ते विचारावे, कारण मोठ्या गोष्टी सगळ्यांच्या सारख्याच असतात. ज्या दुसऱ्या कोणत्याच जोडप्याला लागू पडणार नाहीत अशा एकदोन गोष्टी सापडल्या की थांबावे. आणि एका दमात वाचून होईल एवढेच लिहावे.
चौथी नापास झालेल्या पोराला निबंध कसा लिहावा ते मी असेच सांगतो. पण हे मानपत्र आहे.
पुन्हा म्हणाली, "अहो, ऐका तरी, त्या दोघांचं एकमेकांशी..." पण शाईची दौत लवंडली आणि विषय राहिला.

२ मे
मेहकरच्या छापखान्यात देऊन आलो. सहा पाने, वेलबुट्टीची चौकट, वर गणपती. छापणारा म्हणाला, मानपत्र एका पानाचे असते, भिंतीवर लावायला. मी म्हटले, मग भिंत मोठी घ्यावी.

६ मे
छपाई आली. सुंदर. जेवताना मी मधला उत्कृष्ट भाग म्हणून दाखवला : "पंचावन्न वर्षे अखंड चाललेला हा मधुर संवाद एक दिवसही खंडित झाला नाही."
स्नेहलतेने भाकरी खाली ठेवली. म्हणाली, अकरा वर्षांपासून ते दोघे एकमेकांशी बोलत नाहीत.
बोलत नाहीत! झुंबरबाईंनी माहेराहून आणलेल्या ढवळ्या गाईच्या वंशातली वासरी गोठ्यात वाढली होती. ती उकंडरावांनी त्यांना न विचारता देऊळगाव राजाच्या बाजारात विकून टाकली. त्या दिवसापासून जे काय ते तिसऱ्या माणसातून. गावातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे म्हणे.
छापून झाल्यावर सत्य सांगायचे, हा स्नेहलतेचा स्वभाव. ती म्हणते दोनदा सांगायला गेले. पुरावा काय?
बदल शक्य नाही. शिवाय सत्काराच्या दिवशी कोण बारकाईने ऐकतो?

११ मे, शनिवार
स्नेहलता चुलीपाशी बसून वहीच्या कागदावर काही लिहीत होती. बघितले. स्वतःच शुभेच्छा लिहिते आहे! कशा लिहू नयेत याचा नमुना म्हणून इथे उतरून घेतो :

"झुंबरबाई आणि उकंडराव यांस,
गोठ्यात तिसरा खुंटा, वासरीचा, रिकामा आहे. कुजला की नवा ठोकतात, पण त्याला जनावर बांधत नाहीत. दोनदा बदलला. कोण बदलतं ते झुंबरबाईंना ठाऊक आहे. उकंडरावांचे दात गेल्यापासून त्यांच्या ताटात भाकरीचा कडक काठ आलेला नाही. तो कोण काढून ठेवतं ते त्यांना ठाऊक आहे. दोघांनीही हे कोणाला सांगितलं नव्हतं. मला दोघांनी सांगितलं, पण एकमेकांचं. पंचावन्न वर्षं पाहिलेल्यांना मी काय देणार? एवढं पाहिलं, ते कळवते.
तुमची शेजारीण, स्नेहलता."

खुंटा! शुभेच्छापत्रात खुंटा! ना अलंकार, ना आशीर्वाद, ना "आपली विश्वासू". विचारले, उकंडरावांना कधी भेटलीस? म्हणाली, विहिरीवर, पाणी भरताना. मला त्यांनी दीड तासात भाकरीचा भ देखील सांगितला नाही. माणूस पाहून बोलतात.
पाकिटावर तिने फक्त झुंबरबाईंचे नाव घातले. मी हसलो. म्हटले, अगं, त्यांना अक्षरओळख नाही. ती म्हणाली, माहीत आहे.

१२ मे, रविवार. रात्री
समारंभ झाला. थोडक्यात नोंद.
मारुतीच्या देवळापुढे मांडव. अकोल्याहून चार तारा आल्या होत्या. शुभेच्छेच्या तारेत वाक्ये ठरलेली असतात, पोस्टात नुसता आकडा सांगायचा. चौघांनी एकच आकडा सांगितलेला. चारही तारांत "दीर्घ व सुखी वैवाहिक जीवनासाठी शुभेच्छा". पंजाबरावांनी चारही वाचल्या. चौथीला उकंडराव म्हणाले, "आता अजून किती दीर्घ?" मला मनातून बरे वाटले. ही माणसे नवे काही ऐकायला आसुसली आहेत.
मग मी.
पहिल्या दोन पानांना शांतता. (नंतर कोणी म्हणाले सभापती झोपले होते. डोळे मिटून ऐकत होते.) तिसऱ्या पानावर "आयुर्वल्ली" आली तेव्हा मागून कोणीतरी विचारले, "कोनाची वल्ली वारली?" चौथ्यावर "अखंड चाललेला मधुर संवाद" आला आणि अख्खा मांडव हसला. बायका पदर तोंडाला लावून. लोकांना आनंद झाला असे मी समजतो.
मी थांबलो नाही. पाचवे पान उलटताना झुंबरबाई स्टेजवरून पंजाबरावांना म्हणाल्या, मला स्पष्ट ऐकू आले, "पंजाब, त्याईले सांग, मास्तरले आता बसवा."
उकंडराव पंजाबरावांना म्हणाले, "तिले सांग, मी कव्हाचा इशारा करून राह्यलो, त्याले समजतच नाही."
अकरा वर्षांत दोघांचे प्रथमच एकमत झाले. माझ्या मानपत्रामुळे.
सहावे पान राहिले. तेच सर्वांत चांगले होते.
स्नेहलतेने जाताना झुंबरबाईंच्या हातात पाकीट दिले. पंजाबराव म्हणाले, "दे माय, वाचून दाखवतो." झुंबरबाईंनी पाकीट कमरेला खोचले.

१४ मे
पंजाबराव येऊन गेले. सांगत होते, काल सकाळी म्हातारी ओसरीवर आली, खाटेपाशी उभी राहिली. घरात वाचणारी पाच माणसे. कोणाकडे पाहिले नाही. कागद म्हाताऱ्यापुढे धरला आणि म्हणाली, "वाचा."
सरळ. मधे कोणी नाही.
म्हाताऱ्याने चष्मा शोधला. वाचता वाचता खुंट्यापाशी अडला. म्हातारी म्हणाली, "वाचा ना, काऊन थांबले?" पुढचे वाचले. मग म्हातारी म्हणाली, "इकायची होती त इचाराचं होतं." म्हातारा म्हणाला, "हाव. इचाराले पाह्यजे होतं." एवढेच. मग दोघे खुंट्यावर भांडले, कोणत्या लाकडाचा चांगला. दुपारपर्यंत.
पंजाबरावांचे डोळे ओले होते. मी म्हटले, मानपत्राने वातावरणनिर्मिती झाली होती, त्याचा हा परिणाम. ते "हाव, हाव" म्हणाले, आणि स्नेहलता घरी आहे का विचारले.

२६ मे
सरपंचांच्या ओसरीवर गेलो. वेलबुट्टीच्या चौकटीसाठी आणलेली काच लावली आहे. आत वहीचा कागद. माझी सहा पाने कुठे, असे सहज विचारले. झुंबरबाई म्हणाल्या, "हायेत ना. कुरडयाच्या डब्ब्यात खाली घातली. कागद लय चांगला हाये, मास्तर."

१९ जून
बदलीचे विचारायला पंजाबरावांकडे. म्हणाले, सभापतींशी बोललो, जमत होते. मग मीच थांबवले.
का?
"मास्तर, तुमी बुलढान्याले गेले त बाईबी जाईन ना. इथं लोकाईनं आतापासून इचारून ठेवलं हाये."

२१ जून
संध्याकाळी सहदेव पाटील आला. आईवडिलांच्या लग्नाला चाळीस वर्षे होतात, दोन शब्द लिहून हवेत. मी वही काढली. भिंतीवरची यादी दाखवली. म्हटले, आता अनुभव आहे, या वेळी दोन पानांत बसवतो.
सहदेवने यादी नीट वाचली. मग विचारले, "बाई कुठं गेल्या?"
विहिरीवर, म्हटले.
"मंग बसतो."
बसला. चहा मीच ठेवला.