मागच्या ओळीतली तिसरी

अहमदनगर,
८ नोव्हेंबर १९४६

प्रिय फिलोमिना,

वहिनी लिहायला हात गेला होता, मग नुसतं नाव लिहिलं. संगमनेरला नव्या घरी रुळलीस ना? इकडे सगळे बरे आहेत, आजीला मात्र आता जवळजवळ दिसत नाही.

जॉर्ज ब्रह्मदेशात लढाईवर जाण्याआधी आपण चर्चच्या आवारात फोटो काढला होता, तो बाबा नाताळात भिंतीवर लावणार आहेत. खालच्या पुठ्ठ्यावर नावांच्या तीनच ओळी बसतात आणि माणसं चौदा. मजकुराचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी आधी मागे उभे असलेले घेतले, मग खुर्च्यांवरचे, मग सतरंजीवरची मुलं. प्रत्येक ओळ बघणाऱ्याच्या डावीकडून. मांडीवरचं बाळ आईच्या नावापुढे कंसात. 'रा. रा.' कुणालाच नाही, 'सौ.' नाही, बायकांनाही त्यांचं स्वतःचं नाव. नावापुढची आपली हेडमास्तरकी गेली म्हणून बाबा घुश्श्यात होते.

मग त्यांनी कागद मागून घेतला आणि तुझं नाव खोडलं. दुसरं लग्न करून गेलेल्या बाईचं नाव या घरात नको, म्हणाले. मला फार राग आला.

संध्याकाळी आजीचं बोट एकेका चेहऱ्यावर ठेवत मी तो कागद वाचला. कृपादान, जॉर्ज, मरिया. बोट तिसऱ्या चेहऱ्यावर होतं. आजी म्हणाली, "जॉर्जच्या शेजारी मरिया न्हवती, फिलोमिना हुती." एक नाव गाळलं की पुढची सगळी एकेक घर सरकतात. तुझ्या चेहऱ्याखाली माझं नाव आलं होतं. आमच्यामागून कोण सांगणार होतं की ती मी नव्हे?

आणि जॉर्जचा तर चेहराच नाही गं. फोटोवाल्याने हलू नका म्हटलं आणि हा नेमका तुझ्याकडे वळला. मानेच्या वर नुसता धुरकट डाग उमटलाय. तो गेल्याची तार आली, तो आला नाही. आजी रोज दिवेलागणीला त्या डागावर बोट ठेवते आणि त्याला हलू नको म्हणते. मला त्या खोलीत एकटीला थांबवत नाही. बघावं तेव्हा तो अजून वळतोच आहे असं वाटतं.

आजीचं ते नावाचं बोलणं बाबा दारातून ऐकत होते. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, की नाव राहू दे, पण वर साल घाल. साल घातलं की त्या दिवशी जो जिथे उभा होता, तेवढंच खरं. म्हणून 'सन १९४३' लिहून तिसऱ्या जागी 'फिलोमिना जॉर्ज' लिहिलंय. पण हे नाव आता तुझं नाही आणि तुझ्या घरी ते कुणाला खुपेल, म्हणून तुला विचारल्याशिवाय कागद फोटोवाल्याकडे देत नाही. नको म्हणालीस तर तिथे नावाच्या जागी नुसती रेघ ओढीन. पण तो जिच्याकडे वळून बघतोय, तिच्याखाली माझं नाव येऊ देणार नाही.

तुझीच,
मरिया