बारा आठवडे गप्प

३ जून
दोन रेघा आल्या. पाळी दोनच दिवस लांबली होती. फक्त अमोलला सांगितलं. तो लगेच गावी फोन लावायला निघाला, हात धरून बसवलं. गेल्या खेपेला सहाव्या आठवड्यात यानेच चांदवडच्या सगळ्या भावकीत पेढे वाटले होते आणि नवव्यात सगळं संपलं. पुढे दोन महिने लोक फोन करून "कितवा?" विचारत होते. उत्तर द्यायला मीच होते.
या वेळी बारा आठवड्यांचा स्कॅन होईपर्यंत कुणाला म्हणजे कुणालाच नाही. माझ्या आईलाही नाही.

४ जून
एक विसरलेच होते. सासूबाईंना माझी तारीख पाठ असते. पाळीत चार दिवस देवघर, स्वयंपाकघर बंद, त्यांचा नियम. बसले नाही तर संध्याकाळपर्यंत चांदवडला बातमी. म्हणून आज खोटी बाजूला बसले. पोटात पोर आणि दाराबाहेरून सरकवलेलं ताट. हसावं की रडावं!

१७ जून
फोडणीचा वास आला की मळमळ. सासूबाईंना पित्त सांगितलं, कंपनीत उपास. सातपूरच्या बसमध्ये दोन स्टॉप आधीच उतरावं लागलं.

२४ जून
सोनोग्राफी. सात आठवडे. ठोके दिसले. दिसले!
डॉक्टरबाईंना विचारलंच, लवकर सांगितलं म्हणून गेल्या वेळी... म्हणाल्या, "छे! सांगण्याने काही पडत नाही. सुरुवातीला जी जातात त्यांतली बहुतेक मुळात घडतानाच चुकलेली असतात. आता ठोके दिसलेत, धोका कमी झाला. बारा आठवड्यांनंतर आणखी कमी होईल. लोक थांबतात ते एवढ्यासाठीच, की गेलंच तर पुन्हा घरोघर सांगत फिरायला नको."
मग वर्षभर सासूबाईंचं "आधीच बोभाटा केला, नजर लागली" ऐकून घेतलं ते कशासाठी? आणि बोभाटा केला त्यांच्या मुलाने.

२ जुलै
दुसरी खोटी पाळी. चार दिवस फोडणीपासून सुटका, तेवढंच पुण्य. बाहेर सासूबाई फोनवर बहिणीला सांगत होत्या, "या महिन्यालाबी नाय गं. पोटातच काहीतरी बिघाड हाय हिच्या."

७ जुलै
चांदवडहून काढ्याची बाटली आली. कोण्या जाणत्या बाईकडून. "पोट साफ करतो, मग लगेच राहतं," म्हणे. रोज सकाळी अनशापोटी अर्धी वाटी. नको म्हणायला कारण काय देऊ? पित्ताचं कारण दिलं तर म्हणाल्या, "पित्तावरबी लय चांगला." वाटी घेऊन बाथरूममध्ये जाते, ओतते.
अमोलला म्हटलं, तू सांग आईंना नको म्हणून. "आता तीनच आठवडे राहिलेत, निभाव," म्हणतो. याचं काय जातंय?

१३ जुलै
आज त्या समोर उभ्याच राहिल्या. "रोज वाटी घेऊन कुठं जाते? माझ्यासमोर पी." एक घोट गेला. बाकीचा उलटीचं सोंग करून थुंकला. सोंग कसलं, खरीच झाली.

१४ जुलै
डाग. लाल.
सासूबाईंनी पाहिलं. "आत्ताच तर झाली होती की! बारा दिवसांत परत?" मी जमिनीवर बसले आणि सांगून टाकलं. दहा आठवडे. सगळं.
त्यांनी आत जाऊन बाटली मोरीत रिकामी केली.

सायंकाळी: ठोके आहेत. पिशवीच्या कडेला थोडं रक्त साकळलंय. औषध, वजन उचलायचं नाही. काढ्याने झालं का? डॉक्टरबाई म्हणाल्या, एका घोटाने झालं असेल असं म्हणता येत नाही, नाही असंही नाही. त्यात काय होतं तेच ठाऊक नाही. तपासायला बाटलीत थेंब उरलेला नाही.

१६ जुलै
साहेबांना सांगावं लागलं, जड खोकी कोण उचलणार? म्हणजे माहेरच्यांआधी कंपनीला कळलं, माझी आई अजून अंधारात.
सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. आज फुटल्या, "माझ्या हातून घडवून आणलंस तू. एक शब्द सांगितला असतास तर मी विष दिलं असतं का?" मीही सोडलं नाही. म्हटलं, "सांगितलं असतं तर गावाला कळलं असतं." दोघींचं खरं. खरं असून कुणाचंच भलं नाही.

२१ जुलै
डाग थांबले. रोज तीनतीनदा बघते तरी.

२७ जुलै
बारा आठवडे झाले. उद्या स्कॅन.
सासूबाई दाराशी आल्या. म्हणाल्या, "उद्या मी येऊ का?" सात वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा काही विचारलं. आत एकालाच सोडतात म्हटलं. "मग बाहेर बसंन," म्हणाल्या.
अमोल म्हणतो, येऊ दे बिचारीला. बिचारी! आत काही नसलं, तर बाहेर आल्याबरोबर पहिलं तोंड त्यांचं दिसणार. मग मी स्वतःसाठी रडू की त्यांना सांभाळू? आणि सगळं ठीक असलं, तर त्यांच्या गळ्यात पडण्याएवढं मन माझ्याकडे उरलंय का, तेही माहीत नाही.
सकाळी साडेनऊला निघायचं. त्यांनी चांगलं लुगडं काढून ठेवलंय. मी अजून हो म्हटलेलं नाही.