डब्यातल्या वड्यांविषयी

मी, खाली सही करणारी, टपाल कचेरीतून निवृत्त झालेली विधवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे, तो सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट, हे लिहू नये म्हणून दोघातिघांनी समजावून पाहिले. यापूर्वीचे मृत्युपत्र, ज्यात हे घर मी माझ्या नातवाच्या नावे केले होते, ते या लेखाने रद्द होते.

१. माझ्या पतींचे चष्म्याची भिंगे घासण्याचे यंत्र, त्याच्या चकत्या आणि पॉलिशची पूड त्यांच्या दुकानातील भागीदाराला द्यावी. यंत्र चालताना डावीकडे झुकते. त्याखाली घडी केलेले पुठ्ठे आहेत, ते काढू नयेत.

२. बँकेत आहे ते मुलीला. तिने त्यातून माझा अंत्यविधी साधेपणाने करावा. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी आमची शिडी नेली आहे. ती परत मागून घ्यावी. त्या "कुठली शिडी?" असे विचारतील. न्हाणीघराच्या मागे बघावे.

३. घराविषयी लिहिण्याआधी ते आता नातवाला सरळ का जात नाही हे लिहिणे भाग आहे. कारण सांगितले नाही तर लोक आपापले कारण लावतात, आणि एक कारण गेले वर्षभर गावभर फिरते आहे.

माझा नातू रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे. शिकून आल्यापासून सणाच्या गोडावरून त्याचे आणि माझे जमले नाही. माझ्या पतींना मधुमेह होता. मी सणाला दूध आटवून साखरेच्या वड्या करते, लाकडी साच्यात दाबून. तो म्हणायचा, "आजी, हे लाड नाहीत, विष आहे विष." मी म्हणायचे, "विष खाऊन तुझे आजोबा ऐंशीच्या घरात आलेत. तू न खाता कुठवर जातोस ते बघू." एवढ्यावर हे हसायचे आणि आम्ही दोघे त्यांच्यावर चिडायचो.

नातवाचे म्हणणे निराधार नव्हते. सणाची वडी सण संपला तरी डब्यात असायची आणि यांचा हात डब्यात. रोजच्या चरण्याने साखर वाढते, हे डॉक्टरही सांगत. ते मी इथे मान्य करते. पण साखर उतरवणारी जी गोळी हे घेत, तिच्याबद्दलही डॉक्टरांनी सांगितले होते, आणि नातवाला ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते. ती गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. माणूस जेवला की नाही हे ती बघत नाही. वय झाले, मूत्रपिंडे मंदावली, की तिचा अंमलही लांबतो. म्हणून गोळी घेतली की जेवण चुकवायचे नाही, आणि घाम, थरथर, भलतेच बोलणे सुरू झाले तर तत्काळ साखरेचे पाणी द्यायचे.

गेल्या वर्षीच्या सणाच्या आठवडाभर आधी नातवाने घरातली साखर आणि मध उचलून त्याच्या आत्याकडे, म्हणजे माझ्या मुलीकडे, नेऊन ठेवले. ते माझ्यासमोर नेले. भांडण झाले, मी हरले, पण माझ्या वड्या तोवर करून झाल्या होत्या आणि डबा भरलेला होता. त्या हरण्याचे मला वाईट वाटले नाही.

सणाच्या दिवशी यांनी सकाळी नेहमीप्रमाणे गोळी घेतली. पाहुणे यायचे होते म्हणून जेवण लांबले. हे खुर्चीत बसून माझ्यावर ओरडू लागले, "पडदे कुणी ओले केले?" पडदे कोरडे होते. यांचा सदरा मात्र घामाने चिकटला होता. मी डबा उघडून वडी दिली. "गोड आहे ना?" विचारले. "आहे की," म्हणाले. आणखी दोन दिल्या. मग मी त्यांचा हात धरून बसले. साखर पोटात गेली आहे, आता उतार पडेल, या भरवशावर बसले. थरथर थांबेना तेव्हा नातवाला रुग्णालयात फोन लावला.

"गोड किती दिलंस?"

"तीन वड्या दिल्या. डब्यातल्या."

फोन तुटला असे वाटून मी "अरे, आहेस ना?" असे म्हटले.

"आजी, साखरेचं पाणी दे. आत्ता."

"घरात साखर कुठाय? तूच नेलीस ना! वड्या दिल्यात म्हणतेय मी."

"वड्यांचं सोड! शेजारून आण, पळ!"

मी खालून वाटीभर साखर आणली. तोवर यांची शुद्ध गेली होती. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनळीत जाते, हे मला माहीत होते. म्हणून वाटी हातात घेऊन रुग्णवाहिकेची वाट पाहिली. रुग्णालयात शिरेतून ग्लुकोज दिले, साखर वर आली, हे आले नाहीत. मेंदू फार वेळ उपाशी राहिला होता. पुढच्या आठवड्यात ते गेले.

डब्यात माझ्या वड्या नव्हत्या. नातवाने माझाच साचा नेऊन कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याकडून बिनसाखरेच्या, कृत्रिम गोडी घातलेल्या वड्या पाडून घेतल्या होत्या आणि डबा बदलला होता. आजोबांचे मनही राहावे, साखरही वाढू नये, असा त्याचा विचार. विचार वाईट नव्हता. पण ती गोडी जिभेला कळते, रक्ताला कळत नाही. त्यात दुधाची म्हणून जी थोडी साखर होती, ती दुधातल्या सायीमुळे हळू चढणारी. मिठाईवाला भेटायला आला तेव्हा रडत रडत बोलून गेला, म्हणून मला कळले. नातू बोलला नाही. माझ्या वड्या असत्या तरी साखरेच्या पाण्याइतक्या लवकर चढल्या नसत्या, असे डॉक्टर म्हणाले. तेही लिहून ठेवते. पण वड्यांत साखर नाही हे ठाऊक असते, तर मी त्यांचा हात धरून बसले नसते.

भेटायला आलेल्यांना नातवाने सांगितले, "शेवटपर्यंत आजीनं गोड भरवलं. काय बोलणार?" मी आतल्या खोलीत होते. दार उघडे होते.

४. हे घर माझ्या मुलीला मिळावे. मात्र माझ्या मृत्यूनंतरच्या पहिल्या सणाला, सगळे जेवायला बसले असताना, नातवाने डब्यात काय होते ते सांगितले, तर घर त्याला मिळावे. माफी मागायची नाही, रडायचे नाही. फक्त काय होते ते. मुलीला ही अट मान्य आहे.

५. इथवर लिहिलेले मी आज सही करण्यापूर्वी दोन्ही साक्षीदारांसमोर, म्हणजे औषध दुकानदार आणि मास्तरीणबाईंसमोर, नातवाला वाचून दाखवले. तो म्हणाला, "आजी, लोक मला खुनी म्हणतील."

"मला वर्षभर म्हणताहेत. मी जगतेय ना?"

"मी आजोबांच्या भल्यासाठीच केलं."

"तेही सांग. कोण नको म्हणतंय?"

"आणि आत्ता सांगितलं तर?"

"मग सणाची वाट कशाला बघायची? सांग. हे दोघे बसलेत."

त्याने दोघांकडे पाहिले. औषध दुकानदार चष्मा पुसत होते. मास्तरीणबाई खाली बघत होत्या. मलाही आता साखर निघाली आहे आणि दर आठवड्याला तोच तपासतो. तो उठला, बॅगेतून सुई काढली आणि म्हणाला, "तुझी साखर बघायची राहिलीय. बोट दे."

मी हात पदराखाली घेतला.

त्याने सुई टोपणात घातली आणि तो निघून गेला. अट मी खोडलेली नाही. सैलही केलेली नाही.

वरील मजकूर माझा आहे, तो मी पुन्हा वाचला आणि दोघांच्या देखत सही केली. त्यांनी माझ्या देखत केली.

लिहून देणार: आजी (सही)

साक्षीदार पहिले: समोरचे औषध दुकानदार (सही)
साक्षीदार दुसऱ्या: शेजारच्या निवृत्त मास्तरीणबाई (सही)

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातील टेबल
तारीख: पतींच्या वर्षश्राद्धाचा दुसरा दिवस