भिकनचं वेगळं ताट

सारंगखेडे, श्रावण १९५८

कोरीटच्या घरी सासूबाई आणि मामंजींना रुखमाचा वाकून नमस्कार.

सुखरूप पोचले. सासरचा माझा पहिला कानबाईचा सण तुम्ही गोड केलात. मला न्यायला आलेल्या भिकनभाऊला मी देवीच्या नैवेद्याच्या रोटाची पुरणपोळी वाढू लागले, तेव्हा सासूबाई, तुम्ही माझा हात धरलात. "तो पाव्हना शे. कानबाईना रोट फक्त घरनासलेच." मग वेगळ्या पिठाची भाकर त्याला स्वतः करून वाढलीत. रागावला नाहीत, हे विसरणार नाही.

गाय व्याली का? मामंजींचा खोकला कसा आहे? इथे माझं मन लागत नाही.

काल आमच्याकडची कानबाई झाली; इथे ती तुमच्यानंतरच्या रविवारी बसते. रोटाचा वास घरभर होता. आईनं सगळ्यांना वाढलं आणि माझ्यापुढे वेगळी भाकर ठेवली.

मला लवकर न्यायला या.

तुमच्या घरची,
रुखमा