पुसलेले बाबा

प्रिय ताई,

एकवीस दिवस हे पत्र टाळतोय. कागद आणला, पेन आणलं, मग पेन नीट चालतंय का बघायला रद्दीवर एक होडी काढली, होडीत माणसं बसवली, आणि संध्याकाळ झाली. तू प्लास्टरमधला पाय उशीवर टाकून "गेला वाटतं पुन्हा कुठेतरी" म्हणत असशील. गेलो नाही. अजून तरी.

आईने फोनवर सांगितलं असेल की त्यांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस छान झाला, सगळे पोटभर जेवले, फोटो बघून मावशी रडली. खरंच आहे ते. पण मधली चार मिनिटं तिने गाळली असणार, मला सांभाळून घ्यायची तिची सवय जुनी. ती चार मिनिटं मीच सांगतो.

तीन मिनिटांचं भाषण खरं तर तुझं होतं. तू जिन्यावरून पडलीस आणि ते माझ्या गळ्यात आलं. बाबा काय म्हणाले ते तुला कळलंच असेल: "हा बोलणार? पहिल्या वाक्यानंतर हा दाराबाहेर असेल." चार वर्षांत अकरा खोल्या बदलणाऱ्या मुलाबद्दल दुसरं काय म्हणणार? बरं, त्या अकरापैकी एकाही खोलीत त्यांनी पाऊल टाकलं नाही. म्हणून मला ती तीन मिनिटं नीट उभं राहून दाखवायची होती. एवढंच हवं होतं, ताई, दुसरं काही नाही.

तू पाठवलेला आईबाबांचा अल्बम मी मास्तरांच्या दुकानात उघडला, जिथे मी सध्या जुने फोटो दुरुस्त करायला शिकतोय. चिकट पानांचा, वर प्लॅस्टिकचा तो जुना प्रकार. फोटो पानाला असे धरून बसले होते जणू भाड्याची खोली सोडायची नाही. मास्तरांनी आधी प्रत्येक पानाचा आहे तसा फोटो काढायला लावला. मग दात साफ करायचा दोरा फोटोच्या मागून हळूहळू करवतीसारखा ओढायचा. एक फोटो सोडवायला पाऊण तास. मधेच समोरच्या घड्याळवाल्याकडे डोकवायला गेलो तर मास्तर ओरडले, "दोरा सोडलास तर कोपरा जाईल, भिंगरी!" हे नाव इथेही पोचलंय, बघ.

मास्तरांचे नियम तीन. मूळ फोटोला पेन, पाणी, काही लावायचं नाही. तो स्कॅन करायचा आणि काम कॉम्प्युटरवरच्या प्रतीवर. प्रत्येक दुरुस्ती वेगळ्या थरावर, म्हणजे काचेवर काच ठेवावी तशी, नको वाटली तर उचलता येते. आणि पुसण्याआधी मूळ फोटो दिव्याखाली तिरका धरून बघायचा. बुरशी, ओल, ओरखडा हे सगळं कागदाच्या वर असतं, तिरक्या उजेडात त्याची कड चमकते. कड चमकली नाही तर समजायचं की डाग नाही, तो फोटोचाच भाग आहे.

पाच फोटोंना मी हे सगळं केलं. काळ्या भागावर चढलेली चांदीसारखी निळसर चकाकी उतरवली, आईच्या कपाळावरून गेलेली कागदाची घडी भरली, एकेक पांढरा ठिपका वेचला. सहाव्याला नाही केलं. त्या दिवशी नदीवर नवा पूल उघडणार होता आणि मला पहिल्या लोंढ्यात चालत जायचं होतं. फोटो आईबाबांच्या पहिल्या खोलीतला. आई स्टोव्हजवळ उभी, बाजूला बघून खदखदून हसतेय, आणि उजवीकडे वरपासून खालपर्यंत एक राखाडी फराटा. ओल लागली असणार म्हणून मी तो पुसला, शेजारची भिंत उचलून तिथे बसवली आणि पळालो. मास्तरांनी विचारलं, "तिरका धरून बघितलास ना?" मी हो म्हणालो. घरच्यांना विचारायचं तर फोटो म्हणजे त्यांना आश्चर्याचा धक्का द्यायचा होता, त्यामुळे तोही मार्ग बंद.

बोलायचं कसं ते तू लिहूनच दिलं होतंस. आधी बोलायचं, मग फोटो दाखवायचा, मग गप्प. फोटोत दिसतंय ते सांगायचं नाही, दिसत नाही ते एका वाक्यात सांगायचं. मी घड्याळ लावून भिंतीसमोर नऊ वेळा म्हटलं. आणि जमलं, ताई! "ही सायकल कार्यालयातल्या शिपायाची, एका रविवारपुरती," एवढं म्हणून सायकलवरचे दोघे पडद्यावर आणले आणि मावशीचा रुमाल बाहेर आला. बाबा हाताची घडी घालून बसले होते, पण तिसऱ्या फोटोला घडी सुटली. पाचव्याला ते पुढे वाकले. मी अजून दाराबाहेर गेलो नव्हतो.

सहाव्याला मी तुझा कागद सोडला. म्हणालो, "ही आईची पहिली खोली. बाबा नेहमीप्रमाणे कामावर. एकटी असून ती कशाला हसतेय, ते तिलाच ठाऊक." फोटो आला. लोक हसले. आई चष्मा सावरत पुढे आली, पडद्याला नाक लावलं आणि म्हणाली, "अरे, पण तुझे बाबा कुठे गेले?"

मला वाटलं गंमत करतेय. तर म्हणते, "इथे होते ना! इथे, उजवीकडे!" काकांनी मागून आवाज दिला, "लग्न पन्नास वर्षं टिकलं आणि नवरा पोरानेच पुसला!" सगळा हॉल हसला. बाबा सोडून. दार तर चार पावलांवर होतं, ताई, मी मोजली.

पण हात लॅपटॉपवर होता आणि मास्तरांचा थर होता. मी म्हणालो, "माझं चुकलं. न बघता पुसलं," आणि तो थर बंद केला. फराटा परत आला. आता मोठ्या पडद्यावर त्यात एक गुडघा दिसत होता, एक पुढे आलेला हात, आणि खाली चप्पल नसलेला पाय.

मग बाबा उठले. कधी सभेत न बोलणारा माणूस! म्हणाले, "कॅमेरा मित्राचा, रोलमधला शेवटचा फोटो. त्याची कळ दाबली की दहा सेकंद करकर वाजून फोटो आपोआप निघायचा, तेवढ्यात पळत जाऊन हिच्याशेजारी उभं राहायचं. खोलीत उजेड कमी, त्यामुळे जो हलेल तो पुसट येणार, हे मित्राने बजावलं होतं. मी पळालो, चप्पल उडून स्टोव्हवर पडली, ही हसली, आणि वेळ संपली." आई म्हणाली, "मी मात्र हलले नाही." बाबा माझ्याकडे बघत म्हणाले, "हा पोरगा कोणावर गेलाय असं विचारता ना सगळे? बघून घ्या." तीन मिनिटांची सात झाली.

निघताना ते म्हणाले, "फराट्यासकट मोठा करून दे. मी येऊन नेईन." ते येतील असं मी धरलंच नाही. म्हणून हे पत्र. फोटो तयार आहे, फ्रेम करून खाकी कागदात बांधलाय. शुक्रवारी मी निघतो. समुद्राकडच्या गावात एक बोट रंगवणारा माणूस हाताखाली कोणीतरी शोधतोय. मास्तर इथलं टेबल कायमचं माझ्या नावाने करायला तयार आहेत, आणि मला त्याचीच भीती वाटते. तुझं प्लास्टर निघालं की हा फोटो तू त्यांना पोचव. मी स्वतः घेऊन जायला हवा, कळतं मला. पण दारात उभं राहून काय बोलायचं ते

थांब, जिन्यावर कोणीतरी धापा टाकतंय. ताई, बाबा आलेत! बाराव्या खोलीत! पिशवी छातीशी धरलीय, एका पायातली चप्पल खालच्या पायरीवर राहिली म्हणे. विचारताहेत, "उशीर तर नाही ना झाला?" चप्पल आणायला मी खाली पळतो. बोटवाल्याला नंतर कळवीन.

तुझाच,
भिंगरी