मठियाच्या डब्याखालचं पत्र

जागृती वहू,

तुझ्या शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाचं पत्र पंधरा दिवसांपूर्वीच आलं होतं. लाभपाचमेला, म्हणजे पंचमीला, दिवाळी स्नेहमिलन आहे. वर्गणी शंभर रुपये, न जमली तरी या म्हणतात. पण नाव आणि दहावीचं वर्ष आज पाचपर्यंत कळवायचंय, म्हणजे जेवणाची पानं ठरतात.

ते पत्र मीच फराळातल्या मठियाच्या डब्याखाली दडवलं. चिटणीस विचारायला आले, तर "आमच्या सुनेला वेळ नाही" असं मीच सांगितलं. त्याच शाळेत तू पहिली आलीस आणि मला घरच्यांनी तिसरीतून काढलं, तेच खुपत होतं.

तुझं नाव द्यायला मीच शाळेत गेलेय. तोंडावर हे बोलता आलं नसतं. डाळ झाकून ठेव, मांजर टपलंय.

पत्राला तेल लागलंय. कुणी विचारलं, तर सासूनं लावलं म्हणून सांग.

तुझी बा