बुरुजाची सावली

लालबाग, बुधवार, ६ फेब्रुवारी १९५७

आज गणित चुकलं, तेही इतक्या सोप्या जागी.

दोन वर्षांपूर्वी सुट्टीत गावच्या किल्ल्यावर बाबांनी विचारलं होतं, "सांग बघू, बुरुज किती उंच?" तिथे एका प्रवाशाने काढलेल्या माझ्या फोटोत बुरुजाचं टोक कापलं गेलंय. पण सपाट जमिनीवर त्याची सावली पुरी आहे, शेजारीच माझीही. ऊन एकच, म्हणजे सावली जितक्या पट, उंचीही तितक्याच पट. फोटोवर पट्टी ठेवून मोजलं: माझी सावली दोन सूत, म्हणजे पाव इंच, बुरुजाची चोवीस. बारापट. मी चार फूट आठ इंच, म्हणून बुरुज छप्पन फूट!

आईला सांगितलं. ती फोटो बघत म्हणाली, "तेव्हा तू एवढो खंय होतस?"

खरंच की. मी आजची उंची धरली. इथल्या दाराच्या चौकटीवर त्याच सुट्टीत गावाहून परतल्यावर बाबांनी मारलेली पेन्सिलीची रेघ मोजली: चार फूट दोन इंच. बारापट, पन्नास फूट.

उत्तर आलं, पण सांगू कोणाला? बाबा गेल्या वर्षी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात गोळी लागून गेले.

चौकटीला टेकून उभा राहिलो. ती रेघ आता माझ्या ओठांपाशी येते. वर दुसरी नाही. आईने पेन्सिल उचलली, "मारू रेघ?"

मी नको म्हटलं.